पाठराखीण न झालेल्या मैत्रिणीचं पत्र

स. आणि म. या पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावच्या, पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या मुली. १९९९ साली दोघी दहावी झाल्या. स. आज पुण्यात एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते आणि २००८ पासून एका बाईबरोबर संसार करते. म. लग्न होऊन मराठवाड्यात गेली, तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २००९ नंतर दोघींचं बोलणं बंद होतं. भांडण झालेलं नव्हतं. स.ने फोन घेणं थांबवलं आणि म.ने काही महिन्यांनी करणं थांबवलं, एवढंच.

२०२४च्या सुरुवातीला दहावीच्या बॅचने पंचवीस वर्षांचा स्नेहमेळावा दिवाळीच्या सुट्टीत घ्यायचा ठरवला आणि ग्रुपवर ‘सगळ्यांनी फॅमिली फोटो टाका’ अशी टूम निघाली. स.ने फोटो टाकला नाही, पण म.ला पत्र लिहायला घेतलं. ते अडलं म्हणून ती माझ्याकडे आली. मी समुपदेशन करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत समलिंगी स्त्रिया बऱ्याच असतात. हे प्रकरण दोघींच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पत्रातला काही मजकूर गाळला आहे.

स.ने आणलेला पहिला खर्डा नऊ पानांचा होता. त्यातली पहिली दोन पानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७वर होती. २ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाने काय म्हटलं, ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ते कसं फिरवलं, ६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायाधीशांनी पुन्हा काय केलं, सगळं तारीखवार. मग समलिंगी असणं हा आजार नाही याचे पुरावे. मग चार पानं माफी. ‘मी लेस्बियन आहे’ हे वाक्य सातव्या पानावर येत होतं.

अशी पत्रं मी पाहिली आहेत आणि त्यांचा घोटाळा साधारण एकाच जागी असतो. वर्षानुवर्षं लपवलेल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून बोलायची सवय लागलेली असते, म्हणून आधी कायदा, मग वैद्यकशास्त्र, मग माफी आणि शेवटी कबुली. वाचणाऱ्या मैत्रिणीला मात्र पहिल्या पानापासून एकच चिंता लागते, की हिला झालंय काय? कर्करोग? कर्ज? सातव्या पानापर्यंत तिने मनात चार संकटं रंगवलेली असतात, आणि मग जे कळतं ते पाचवं संकट म्हणूनच कळतं. म्हणून मी पहिली सूचना केली ती वाक्याच्या जागेची. ते पहिल्या परिच्छेदात हवं.

कायद्याची पानं मात्र मी लगेच काढायला लावली नाहीत, कारण स.चा स्वतःचा त्या कारणावर विश्वास होता. ‘तेव्हा तो गुन्हाच होता ना, कसं सांगणार?’ असं ती म्हणायची. यावर आम्ही बराच वेळ बोललो. कलम ३७७ची भाषा ‘निसर्गक्रमाविरुद्ध संभोगा’ची होती आणि न्यायालयं त्यासाठी शरीरात प्रवेश झाला का ते बघत, त्यामुळे दोन बायकांवर ते लावणं कायद्याच्या दृष्टीने अवघडच होतं. त्याचा उपयोग व्हायचा तो मुख्यतः धमकीपुरता. बायकांना खरा धाक असायचा आणि आजही असतो तो घरचा. मुलगी बेपत्ता झाल्याची तक्रार, जोडीदारणीवर पळवून नेल्याचा आरोप, फोन काढून घेणं, मामाच्या गावी नेऊन ठेवणं, घाईने उरकलेलं लग्न. मार्च २०२४मध्ये, म्हणजे आमच्या भेटी चालू असतानाच, केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांसाठी सूचना दिल्या, की घरच्यांनी डांबून ठेवलेली मुलगी समोर आली तर तिचं मन वळवण्यासाठी समुपदेशनाला पाठवू नका. माझ्या व्यवसायाचं नाव कशासाठी वापरलं जातं ते त्या निकालात वाचायला मिळतं.

तर स.ला पोलिसांची भीती कधी नव्हती. मग म.पासून लपवलं का? गावापासून लपवणं समजतं, आईपासूनही समजतं. पण म. ना तिचं लग्न लावू शकत होती, ना तिला कोंडू शकत होती. या प्रश्नाचं उत्तर पहिल्या नऊ पानांत नव्हतंच. ते यायला काही आठवडे गेले आणि आल्यावर पत्राचा घाटच बदलला.

मुलामुलींच्या मैत्रीवर आपल्याकडे सगळ्यांची नजर असते. दोन मुलींच्या मैत्रीकडे कोणी बघतही नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा, एकमेकींच्या वेण्या घाला, गळ्यात पडून रडा, कोणाला काही वाटत नाही. समलिंगी मुलीला याचा आडोसा मिळतो, पण पुढे तोच तिला महागात पडतो. ज्या दिवशी ती मैत्रिणीला खरं सांगेल त्या दिवशी मैत्रीण मागचा सगळा सहवास पुन्हा तपासायला बसेल. त्या दिवशी गळ्यात पडली ती काय म्हणून? एका पांघरुणात झोपलो तेव्हा हिच्या मनात काय होतं? म्हणजे सांगण्याची किंमत फक्त पुढची मैत्री नाही, मागचीही. परक्या सहकाऱ्याला सांगताना हा धोका नसतो, म्हणून पुष्कळ जणी आधी ऑफिसातल्या कोणाला सांगतात आणि बालमैत्रिणीला सर्वांत शेवटी. मैत्रिणीला त्याचं वाईट वाटतं. ‘मीच जवळची, आणि मलाच शेवटी?’

स.च्या बाबतीत यात आणखी एक गाठ होती. शाळेत असताना तिला म. खरोखरच आवडायची. हे पत्रात लिहायचं की नाही यावर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. स.चं म्हणणं होतं, उगाच कशाला घाबरवायचं, आता त्याचं काय? माझं मत उलटं पडलं. हा प्रश्न वाचणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीच्या मनात येतोच. विचारण्याइतका धीर फार थोड्या जणींना होतो. उत्तर दिलं नाही तर पुढच्या प्रत्येक भेटीत, प्रत्येक मिठीत तो मध्ये उभा राहतो. पण उत्तर द्यायचं तर भूतकाळात, थोडक्यात आणि बदल्यात काहीही न मागता. लांबवलं की ते प्रेमपत्र होतं आणि पुसट ठेवलं की संशय. स. तयार नसती तर मी हट्ट धरला नसता. तिने घरी जाऊन तो परिच्छेद स्वतःच लिहून आणला.

शेवटी गेलेलं पत्र साडेतीन पानांचं होतं. त्यातला बराचसा भाग असा:

‘म.,

मी स. लिहितेय. आधीच एक सांगते, म्हणजे वाचताना भलतेसलते विचार येणार नाहीत. मी आजारी नाही, कर्जात नाही, तुझ्याकडे काही मागायलाही लिहीत नाहीये. मी लेस्बियन आहे. मला पुरुषांबद्दल तसं कधी वाटलंच नाही, बायकांबद्दलच वाटत आलंय. गेली सोळा वर्षं मी एका बाईबरोबर राहते, नवरा-बायको राहतात तशी. पूर्वी तू पुण्याला फोन करायचीस तेव्हा कधी कधी माझी रूममेट उचलायची, आठवतं? तीच.

आता तुझ्या मनात जे येईल आणि तू जे विचारणार नाहीस, त्याचं उत्तर. हो. नववी-दहावीत मला तू आवडायचीस. त्याला काय म्हणतात तेही तेव्हा माहीत नव्हतं. परीक्षेच्या आधी तू आमच्याकडे राहायला यायचीस, आपण एका गोधडीत झोपायचो, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि तू म्हणायचीस, हिला पंखा सोसत नाही. पंख्याचं काही नव्हतं गं. अकरावी-बारावीत ते ओसरलं आणि नंतर तसं कधी वाटलं नाही. मागचं सगळं आठवून बघ. मी तुझ्याशी वावगं वागले असं तुला एकदाही सापडणार नाही. तू केस विंचरायला पाठ करून बसायचीस तेव्हा मी केसच विंचरत होते.

दहावीच्या वर्षी डिसेंबरमध्ये तुमच्या सोप्यात आपण भूमिती करत बसलो होतो. शेजारी पेपर पडला होता. मुंबईत थिएटरची मोडतोड केल्याची बातमी होती, तो दोन जावांचा सिनेमा होता ना, त्यावरून. तू बातमी वाचलीस आणि म्हणालीस, “शी! बायकाबायकांत असलं काय असतं? डोकं फिरलेलं असणार त्यांचं.” आणि मला म्हणालीस, वर्तुळाचं प्रमेय लिही. मी लिहिलं. तुला हे आठवतही नसेल. तू पंधरा वर्षांची होतीस आणि आपल्या गावात कोणीही तेच म्हणालं असतं, मीसुद्धा मोठ्याने तेच म्हटलं असतं. याचा मला राग नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं, की हिला कळता कामा नये. बाकी गावाला कळलं असतं तर मी मार खाल्ला असता. तुला कळलं असतं तर तू माझ्या शेजारून उठली असतीस, आणि ते मला त्याहून वाईट वाटत होतं.

तुझ्या लग्नाचं सांगायचंय. तुझी पाठराखीण म्हणून मीच जाणार होते. काकूंनी माझ्यासाठी मोरपंखी साडीसुद्धा घेतली होती. आदल्या रात्री मला ताप आला आणि तुझ्या मावसबहिणीला घाईघाईने पाठवलं. ताप आला नव्हता, म. मी थर्मामीटर चहाच्या कपाला लावला होता. तू लग्न करून चाललीस म्हणून मी तुटले होते असं समजू नकोस, तसं नव्हतं. हळदीच्या दिवशीच तुझ्या चुलतसासूबाईंनी मला बाजूला घेऊन माझं गोत्र विचारलं होतं आणि दोन मुलं सुचवली होती. तुझ्या सासरी चार-पाच दिवस दर जेवणाला तेच होणार होतं. मला तिथे हसत बसता आलं नसतं, आणि रडले असते तर काय सांगितलं असतं?

मग तू तुझ्या आतेदिराचं स्थळ आणलंस. बँकेतला, निर्व्यसनी, घरची दहा एकर. तू किती मनापासून केलंस ते मला कळत होतं, आपण दोघी एका घरात येऊ म्हणून. मी मंगळ असल्याचं सांगून सुटले असं मला वाटलं. तू माझ्या आईकडून परस्पर पत्रिका मागवलीस, गुरुजींना दाखवलीस आणि हर्षाने फोन केलास, “अगं, तुला मंगळ नाहीच!” तो फोन मी शेवटचा घेतला. तुला नाही म्हणण्यासाठी माझ्याजवळ एकच खरं कारण होतं आणि खोटी सगळी संपली होती.

मला तेव्हा वाटायचं, मी तुझ्यापासून एकच गोष्ट लपवते आहे. पण ती झाकायची तर घर कुठे घेतलं ते सांगता येत नाही, कोणाबरोबर फिरायला गेले ते सांगता येत नाही. तिची आई वारली तेव्हा मी बारा दिवस नागपूरला होते, ऑफिसात रजेचं कारण “घरगुती” लिहिलं आणि तुला फोन करावा असं रोज वाटलं. काय सांगणार होते, रूममेटची आई गेली म्हणून मी रडतेय? सांगण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून फोन बंद झाला.

२०१८ला निकाल आला त्या दिवशी ग्रुपवर काय काय विनोद आले ते तू पाहिले असशील. तू एक अक्षरही बोलली नाहीस. तुझ्या त्या गप्प राहण्याचा अर्थ मी सहा वर्षं लावतेय.

माझ्या आईला आणि दादाला हे माहीत नाही. तुझ्या नवऱ्याला सांगायचं की नाही ते तू ठरव, त्याला माझी हरकत नाही. काकूंना मात्र नको, त्या आणि आई एकाच भजनी मंडळात आहेत. ग्रुपवरही कोणाला नको. उत्तर कधीही दे. नाही दिलंस तरी मी पुन्हा लिहून तुला त्रास देणार नाही.

स.’

पत्रात माझी भर फारशी नाही. थर्मामीटर, मोरपंखी साडी, मंगळ हे सगळं तिचंच. माझं काम कायद्याची पानं तिने स्वतःहून काढेपर्यंत थांबायचं होतं. शेवटचा परिच्छेद मात्र मी आग्रहाने लिहवून घेतला. ‘कोणाला सांगू नकोस’ एवढं मोघम लिहिलं तर मैत्रिणीवर एकटीने वाहायचं ओझं पडतं आणि ती कुठेतरी सैल होतेच. कोणाला चालेल, कोणाला नाही आणि का, एवढं स्पष्ट असलं की पाळणं सोपं जातं. नवऱ्याची मोकळीक ठेवली तीही त्यामुळेच. विवाहित मैत्रिणीला नवऱ्यापासून लपवायला सांगणं म्हणजे आपलंच दुखणं तिच्या घरात नेऊन ठेवणं.

पाठवायचं कसं, यावर वेगळा विचार करावा लागला. पोस्टाने घरी पाठवलं तर एकत्र कुटुंबात पाकीट कोण फोडेल सांगता येत नाही. शाळेच्या पत्त्यावर पाठवलं तर टपाल मुख्याध्यापकांच्या टेबलावरून फिरतं. व्हॉट्सॲपवर लांब मजकूर आला तर फोन मुलांच्या हातात असतो आणि स्क्रीनशॉट निघायला क्षण लागतो. ईमेल म. फारशी बघत नव्हती. शेवटी स.ने पंधरा वर्षांनी व्हॉट्सॲपवर दोनच ओळी लिहिल्या: ‘म., मी स. तुला एक मोठं पत्र पाठवायचंय, काळजीचं काही नाही. फक्त तुझ्याच हातात पडेल असा पत्ता कोणता?’ रात्री उत्तर आलं. तिने माहेरच्या एका चुलतबहिणीचा पत्ता दिला आणि विचारलं, ‘तू बरी आहेस ना?’ या दोन ओळींनी आणखी एक काम केलं. काहीतरी येणार आहे आणि ते एकटीने वाचायचं आहे, याची म.ला तयारी करता आली.

पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलं. स्नेहमेळाव्याच्या तोंडावर पाठवू नकोस असं मी सुचवलं होतं, कारण मग म.ला हॉलमध्ये चाळीस जणींसमोर काय चेहरा करायचा ते दोन दिवसांत ठरवावं लागलं असतं. मेळावा लांब असल्यामुळे तिला न बोलण्याचीही मुभा होती.

मग सात-आठ आठवडे काहीच नाही. याची तयारी आम्ही केली होती तरी स.ची घसरण झाली. झोप उडाली, ग्रुपवर म. कधी ऑनलाइन असते ते ती बघत बसायची. तिच्या जोडीदारणीला हे सोसणं जड गेलं. ‘सोळा वर्षं मी इथे आहे आणि तू तिच्या निळ्या खुणांकडे बघत बसतेस,’ असं ती एकदा माझ्यासमोरच म्हणाली, आणि ते योग्यच होतं. घरातल्या दुसरीला अशा पत्रात स्थान नसतं, पण परिणाम तिलाही भोगावे लागतात. आम्ही दोन भेटी तिच्यासह घेतल्या.

म.च्या गप्प राहण्याचं कारण मागाहून कळलं. वार्षिक परीक्षा, पेपर तपासणी आणि त्यावर लोकसभेच्या निवडणुकीची ड्युटी. प्रशिक्षण, मतदान यंत्रं ताब्यात घेणं, मतदान केंद्रावर मुक्काम यांत शिक्षकांचा एप्रिल-मे गेला. पत्र तिने आल्या दिवशी वाचलं होतं. उत्तर द्यायला सलग एक तासही तिला मिळाला नव्हता. २०१८च्या त्या गप्प राहण्याचंही तसंच. त्या वर्षी तिचा मुलगा आजारी होता आणि ग्रुप तिने म्यूट करून ठेवला होता. विनोद तिने पाहिलेच नव्हते. लपवणारं माणूस आजूबाजूच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ आपल्यापाशी आणून लावतं आणि तो बहुतेक वेळा चुकतो. पण विचारायची सोय नसल्यामुळे चूक कळत नाही आणि वर्षं निघून जातात.

उत्तर मेच्या अखेरीस आलं, हाताने लिहिलेलं. स.ने ते माझ्याकडे आणलं तेव्हा ती गोंधळली होती, कारण तिने ज्याची भीती धरली होती ते त्यात नव्हतं आणि जे होतं त्याची तिला कल्पना नव्हती. सोप्यातलं बोलणं म.ला अजिबात आठवत नव्हतं. ‘मी तसं म्हणाले असेन, नक्की म्हणाले असेन,’ एवढंच तिने लिहिलं होतं. गोधडीचा परिच्छेद वाचून आधी अंग चोरल्यासारखं झालं, मग दोन दिवसांनी हसू आलं, असंही. मंगळाचं वाचून नवऱ्याला सांगितलं आणि तोही हसला. आणि मग हा मजकूर:

‘तू लेस्बियन आहेस याचा मला राग नाही. कळायला वेळ लागेल, पण राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. २०१६ला बाबा गेले. तुझ्या आईने तुला त्याच दिवशी कळवलं होतं, हे मला माहीत आहे. तू आली नाहीस. फोनही नाही. दोन ओळींचा मेसेज आला, बाकी पन्नास जणांचा आला तसाच. बाबांनी तुला सायकल शिकवली होती. साडेतीन पानांत त्यांचं नाव एकदाही नाही. बाबांच्या दहाव्याला यायला तुला कोणाला काय सांगावं लागणार होतं?’

या जागी बरीच नाती पुन्हा तुटतात. लपवणाऱ्या व्यक्तीला वाटतं, कारण सांगितलं की हिशेब पुरा झाला. पण मैत्रिणीच्या बाजूने ती दोन वेगळी खाती असतात. लपवलं का, याचं कारण तिला पटतं. अडचणीच्या वेळी नव्हतीस, हे नुकसान त्या कारणाने भरून येत नाही. स.चा पहिला सूर ‘पण मी कशी जाणार होते, तिथे सगळे विचारणार होते ना’ असाच होता. मी तिला विचारलं, दहाव्याला लग्नाबद्दल कोण विचारतं? ती गप्प राहिली. खरं कारण वेगळं होतं. तोपर्यंत न जाण्याची सवय झाली होती आणि सात वर्षांनी दारात उभं राहायची लाज वाटत होती. त्याचा समलिंगी असण्याशी धागा जुळतो, पण लांबून. सगळ्या चुका त्या एका खुंटीवर अडकवल्या तर त्या आपल्या राहत नाहीत, आणि मैत्रिणीला ते बरोबर कळतं.

दुसरं पत्र एका पानाचं झालं. त्यात कारण एकही नव्हतं. काकांची सायकल कोणत्या रंगाची होती, ते मागून कॅरिअर धरून कसे पळायचे, बातमी कळली तेव्हा स. ऑफिसच्या जिन्यात किती वेळ बसली होती आणि मग न येता घरी कशी गेली, एवढंच. शेवटी, ‘मी यायला हवं होतं.’ ते वाचून म.ने फोन केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

पुढचे महिने सुरळीत गेले असं नाही. जूनमध्ये म.ची आई तिला सहज म्हणाली, ‘स.चं काहीच कसं जमलं नाही गं, तुला काही माहीत आहे का?’ म. ‘नाही’ म्हणाली आणि रात्री तिने स.ला लिहिलं, ‘माझ्या आईशी मी आज खोटं बोलले. हे दर वेळी करायला लावणार आहेस का?’ ही तक्रार रास्त होती. लपवण्याचं काम आता दोघींत वाटलं गेलं होतं. आईला सांगायची स.ची तयारी नव्हती. वडील नाहीत, आई भावाकडे असते, गावातलं घर दोघांच्या नावावर आहे, हे सगळं सुटायला वेळ लागणार होता. ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे ‘लग्न केलंय’ असं सांगून विषय मिटवण्याची वाटही नव्हती.

दोघींनी मिळून एक उत्तर ठरवलं. कोणी विचारलं तर म. म्हणेल, ‘मला माहीत आहे, पण ते तिचं तिने सांगायचं. तिलाच विचारा.’ यात खोटं काही नाही, पण काहीतरी आहे हे यातून उघड होतं, आणि तेवढा धोका स.ने पत्करला. मला हे थोडं घाईचं वाटलं होतं आणि तसं मी सांगितलंही. पण घरात, गावात कोण कसं वागेल हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

काकूंनी ऑगस्टमध्ये पुन्हा विचारलं आणि म.ने ठरलेलं उत्तर दिलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी थेट स.ला फोन केला आणि विचारलं ते एवढंच, की दिवाळीत मेळाव्याला येशील तेव्हा उतरणार कुठे, आणि एकटी येणार की बरोबर कोणी आहे. स.ने ‘अजून ठरलं नाही’ म्हणून सांगितलं. सध्या आमच्या भेटींत विषय तोच आहे, की काकूंना नेमकं काय कळलंय आणि भजनी मंडळातून ते आईपर्यंत पोचण्याआधी स.ने स्वतः जाऊन सांगायचं का.